मांड्यांचा ठणका आणि नाडीची वही

ठाण्याची वर्षा मॅरेथॉन जवळ येऊं लागली कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. एरवीं ज्यांत लहानग्यांचे खोकले आणि वडीलधाऱ्यांचें आम्लपित्त असावयाचें, त्यांत पोटऱ्या, गुडघे आणि मांड्या दिसूं लागतात. मुख्य शर्यत २१ किलोमीटरांची, तीही भर पावसाळ्यांत. आणि तिच्यासाठीं घरोघरचा एखादा मुलगा, एखादी सून, क्वचित् साठी उलटलेले काकासुद्धां पहाटे उठून रस्त्यावर उतरलेले असतात.

यंदाच्या पत्रांपैकीं एक डोंबिवलीच्या एका भगिनींचें आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील २२ वर्षांचा पुतण्या दर रविवारीं पहाटेच्या लोकलनें ठाण्यास येतो, उपवनापासून येऊरचा चढ चढतो आणि धांवतच खालीं उतरतो. रविवारीं सायंकाळीं गडी ठणठणीत असतो. सोमवारीं मांड्या भरून येतात, आणि मंगळवारीं डोंबिवली स्टेशनचा पूल उतरतांना कठड्यास धरून एकेक पायरी उतरावी लागते. गंमत अशी कीं, तोच पूल चढतांना तितकेंसें दुखत नाहीं. घरांतील आजींचें म्हणणें, अंगांत आम्ल सांठलें आहे, तें शेकून काढा. काकांचें म्हणणें, दुखतें आहे म्हणजेच व्यायाम अंगीं लागतो आहे. यांत खरें कोणाचें, असें भगिनींनीं विचारलें असून सोबत पुतण्याची नाडीची वहीही पाठविली आहे. वहीकडे आम्ही पुढें येऊंच. प्रथम मांड्यांचा निकाल लावूं.

आजी आणि काका या दोघांचेंही म्हणणें आम्हांस मान्य करतां येत नाहीं. आम्लाची गोष्ट नुसत्या आजींचीच नव्हे. पुष्कळ वर्षें व्यायामशिक्षकही तीच सांगत असत. परंतु बॉस्टन येथील थिओडोर हफ या शास्त्रज्ञानें १९०२ सालींच बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, श्रम चालूं असतांना येणारा शीण आणि दुसऱ्या दिवशीं उगवणारें दुखणें या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि दुसऱ्या दिवशींचें दुखणें स्नायूंच्या आंतील बारीक मोडतोडीमुळें येत असावें. पुढें १९८३ सालीं अमेरिकेंत एक फार नेटका प्रयोग झाला. कांहीं माणसांना पाऊण तास सपाटीवर धांवविलें आणि कांहींना तितकाच वेळ उतारावर. सपाटीवर धांवणाऱ्यांच्या रक्तांत दुग्धाम्ल चढलें, पण पुढें त्यांचे पाय दुखले नाहींत. उतारावर धांवणाऱ्यांचें आम्ल चढलें नाहीं, पण पाय मात्र चांगलेच दुखले. शिवाय श्रमानंतर हें आम्ल एक-दोन तासांत रक्तांतून निघून जातें. जें रविवारीं दुपारींच निघून गेलें, तें मंगळवारीं स्टेशनच्या पुलावर कसें भेटणार?

खरी किल्ली त्या उतारांतच आहे. चढ चढतांना मांडीच्या पुढल्या बाजूचा मोठा स्नायु आंखडतो आणि आंखडतां आंखडतां काम करतो. उतरतांना मात्र तोच स्नायु ताणला जात असतो, आणि तरीही देहाचा भार सांवरण्यासाठीं त्याला आंवळून राहावें लागतें. विहिरींत पोहरा सोडतांना दोर हातांतून सरकूंही द्यावयाचा आणि घट्ट धरूनही ठेवावयाचा, तशांतला हा प्रकार होय. अशा कामाला शक्ति थोडी लागते, म्हणून उतरतांना दम लागत नाहीं. पण तितक्याच भारासाठीं थोडेच तंतु कामास लागतात आणि एकेका तंतूवर ओढ अधिक पडते. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर या तंतूंतील आडव्या रेघा एरवीं शाळेच्या वहीसारख्या सरळ असतात. उतारावरील धांवेनंतर त्या जागोजागीं वांकड्यातिकड्या झालेल्या आणि विस्कटलेल्या दिसतात. मग डागडुजी सुरू होते. तेथें थोडी सूज येते, कांहीं द्रव्यें पाझरतात आणि त्यांच्या योगानें वेदना नेणारे मज्जातंतु हळवे होतात. या सर्वांस वेळ लागतो, म्हणूनच दुखणें उशिरां येतें. साधारणतः १२ ते २४ तासांनीं त्याचा आरंभ होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तें शिगेस पोंचतें आणि पांच ते सात दिवसांत आपोआप मावळतें.

आतां काकांच्या म्हणण्याकडे वळूं. दुखणें हें श्रमाच्या थोरवीचें माप नव्हे. तें नावीन्याचें माप आहे. जो स्नायु त्या कामाला संवकलेला नाहीं तो दुखतो. एकदां येऊर उतरून पाय भरले, कीं पुढील कांहीं आठवडे त्याच उतारानें ते तितके भरत नाहींत, कारण पहिल्या मोडतोडीनंतर स्नायु स्वतःला बेतून घेतो. म्हणून पुतण्याचे पाय जर दर मंगळवारीं पूर्वीइतकेच दुखत असतील, तर व्यायाम अंगीं लागत नसून उतार फार लौकर वाढविला जात आहे, असें समजावें. पहिले दोन रविवार त्यानें चढ धांवून जावा आणि उतार चालून यावा. तिसऱ्या रविवारीं उताराचा पाव भाग धांवावा, आणि मग क्रमाक्रमानें वाढवीत जावें. शेकानें बरें वाटत असेल तर आजींनीं खुशाल शेकावें. हलक्या हातानें चोळल्यानेंही थोडा आराम पडतो आणि हळूहळू चालत राहिल्यास दुखणें तेवढ्यापुरतें विसरतें. धांवण्याआधीं व नंतर स्नायु ताणण्याचे जे प्रकार सांगितले जातात, त्यांनीं हें दुखणें टळतें असें मात्र नाहीं. त्यांचा उपयोग नगण्य ठरलेला आहे. दुखण्याच्या गोळ्या घेऊन पुन्हां लांब धांवावयास निघणें हें तर सर्वांत वाईट. घामानें पाणी आटलेल्या देहांत त्या गोळ्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

एक गोष्ट विसरूं नये. दुखणें थांबलें म्हणजे स्नायूंचें बळ पुरतें परतलें असें नाहीं. बळ हें श्रमानंतर ताबडतोब घटतें, दुखणें मागाहून येतें, आणि पुष्कळदां दुखणें गेल्यावरही बळ अपुरेंच असतें.

आतां वही उघडूं. धांव संपतांक्षणीं अंगठ्याच्या मुळाशीं मनगटावर दोन बोटें ठेवून १५ सेकंदांत नाडीचे ठोके मोजावयाचे व त्यांस चारांनीं गुणावयाचें. मग बरोबर एका मिनिटानें पुन्हां तसेंच मोजावयाचें. दोन आंकड्यांतील वजाबाकी म्हणजे नाडीचा एका मिनिटांतील उतार. आमच्या मतें ही रीत चांगली आहे, फक्त तिची मर्यादा ओळखावी. मोजण्यांत एक ठोका चुकला तर आंकडा चारांनीं चुकतो. म्हणून चार-आठांच्या फरकावरून कोणताही निष्कर्ष काढूं नये. हल्लींचीं मनगटी घड्याळें हे ठोके प्रकाशानें मोजतात, पण धांवतांना तीं कधींकधीं पावलांचीच गति नाडी म्हणून दाखवितात. छातीस बांधावयाचा पट्टा त्यांहून भरंवशाचा.

हा उतार कशानें होतो? हृदयास आवरून धरणारा एक मज्जातंतु मेंदूपासून निघून छातींत उतरतो. श्रम सुरू होतांच त्याची पकड सुटते आणि हृदय धांवूं लागतें. श्रम थांबतांच ती पकड पुन्हां बसते. पहिल्या मिनिटांतील उतार मुख्यतः या पकडीचा. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें २४२८ रुग्णांची अशी परीक्षा घेऊन पुढें सहा वर्षें त्यांचा मागोवा घेण्यांत आला, आणि तो अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांची नाडी पहिल्या मिनिटांत १२ किंवा त्याहून कमीच ठोक्यांनीं उतरली, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण स्पष्टपणें अधिक आढळलें. मात्र हे लोक हृदयाच्या तपासणीसाठीं आलेले होते, आणि श्रम थांबल्यावर त्यांना मंद चालविलें जात होतें. ज्या घरांतील साठीचे काका धांवतात त्यांनीं हा १२ चा आंकडा अवश्य ध्यानांत ठेवावा आणि उतार वारंवार त्याच्या आंत राहिला तर वैद्यांस दाखवावें. २२ वर्षांच्या मुलाचा उतार ३० कीं ४० यावरून त्याचें भविष्य वर्तवूं नये. शिवाय धांवून मटकन् बसलें किंवा आडवें झालें कीं नाडी लौकर उतरते; आणि जुलैच्या दमट हवेंत घाम वाळत नाहीं, त्या दिवशीं ती उशिरां उतरते. म्हणून तोच रस्ता, तीच वेळ, आणि थांबल्यावर तसेंच उभें राहणें किंवा तसेंच चालणें, हा नियम न पाळतां केलेल्या नोंदींस अर्थ नाहीं.

पुतण्यानें हा नियम पाळला आहे, ही मोठी सोय. दर गुरुवारीं तो डोंबिवलींतील एका सपाट रस्त्यावर पांच किलोमीटर होईल तितक्या वेगानें धांवतो आणि नोंद करतो. पहिल्या आठवड्यांत त्याची एकूण धांव २६ किलोमीटरांची होती. त्या गुरुवारीं त्याला २६ मिनिटें लागलीं, थांबतां नाडी १८४, मिनिटानें १४८, उतार ३६. दुसऱ्या आठवड्यांत ३२ किलोमीटर, आणि आंकडे जवळजवळ तेच. मग शर्यत जवळ आली म्हणून त्यानें तिसऱ्या आठवड्यांत ५० आणि चवथ्यांत ५६ किलोमीटर केले. चवथ्या गुरुवारची नोंद अशी: थांबतां नाडी १७२, मिनिटानें १२८; उतार ४४. सकाळीं उठल्याबरोबरची नाडी आरंभीं ५६-५८ होती, ती आजही तितकीच. या नोंदीखालीं त्यानें दोन रेघा ओढून लिहिलें आहे, 'हृदय सुधारलें.'

आमच्या दृष्टीनें वहींतील सर्वांत महत्त्वाचा आंकडा त्यानें अधोरेखित केलेलाच नाहीं. त्या चवथ्या गुरुवारीं त्याच पांच किलोमीटरांना साडेसत्तावीस मिनिटें लागलीं.

हृदय खरोखर सुधारलें असतें, तर तितक्याच वेळांत त्याच अंतराला नाडी कमी लागली असती, किंवा तितक्याच नाडींत वेळ कमी लागला असता. येथें वेळ वाढला आहे, आणि मुलगा तर लिहितो कीं मीं जीव तोडून धांवलों. म्हणजे जीव तोडूनही नाडी वर चढूं शकली नाहीं. ज्या हृदयाला चाबूक लागत नाहीं तें लौकर थांबणारच! २०१५ सालीं फ्रान्समधील एका अभ्यासांत हेंच दिसून आलें. पोहणें, सायकल आणि धांवणें अशी तिहेरी शर्यत करणाऱ्या मुरलेल्या खेळाडूंना तीन आठवडे नेहमींपेक्षां फार अधिक श्रम करविले, तेव्हां ज्यांची कामगिरी घसरली त्यांचीच नाडी श्रमानंतर अधिक वेगानें उतरूं लागली. तेव्हां वेगानें उतरणारी नाडी ही सुधारणेची खूण असेल किंवा थकव्याचीही असेल; कोणती, तें नाडी सांगत नाहीं, घड्याळ सांगतें. आणि सकाळची नाडी चढली नाहीं म्हणून निर्धास्त राहण्याची जी रीत पडली आहे, तिचा आधारही असाच कच्चा. लांब पल्ल्याच्या थकलेल्या धांवपटूंत ती पुष्कळदां जागची हलतच नाहीं.

भगिनींच्या पत्रांत दुसरीकडे, जणूं सहज म्हणून, आणखी कांहीं ओळी आहेत. मुलाला रात्रीं दोनदां जाग येते. ताटांत भात उरतो. धाकट्या भावंडांवर तो विनाकारण खेंकसतो. सर्दी तीन आठवडे हटलेली नाहीं. या ओळी आम्हांला वहीइतक्याच मोलाच्या वाटतात. युरोप व अमेरिकेंतील क्रीडावैद्यकाच्या दोन प्रमुख संस्थांनीं २०१३ सालीं एकत्र येऊन या विषयावर जें मत दिलें, त्याचा इत्यर्थ असा कीं, अतिश्रमाचें निदान करील अशी एकही रक्ततपासणी वा एकही आंकडा नाहीं. कामगिरी घसरणें ही मुख्य खूण, मन व झोंप बिघडणें ही तिची सोबतीण, आणि पायऱ्या तीन. पहिलींत कांहीं दिवसांच्या विश्रांतीनें मनुष्य सांवरतो, उलट पूर्वीपेक्षां अधिक चपळ होतो. जाणते शिक्षक ही पायरी मुद्दाम गांठवितात. दुसरींत सांवरण्यास कित्येक आठवडे लागतात आणि पदरीं कांहीं पडत नाहीं. तिसरी, म्हणजे खरा अतिश्रमाचा विकार, महिनोन्‌महिने सोडीत नाहीं. अडचण ही कीं, आपण कोणत्या पायरीवर उभे आहों तें विश्रांति घेतल्यावांचून कळत नाहीं. सांवरण्यास किती दिवस लागले, हेंच निदान.

म्हणून पुतण्यास आमचें सांगणें असें. चार दिवस धांवणें पूर्ण बंद. चालावयास हरकत नाहीं. पुढील दहा दिवस एक दिवसाआड, एका वेळीं चार किलोमीटरांहून अधिक नाहीं, आणि तेंही बोलतां येईल इतक्याच वेगानें. येऊर नको. पंधराव्या दिवशीं तोच रस्ता, तेच पांच किलोमीटर. वेळ २६ मिनिटांवर आला आणि नाडी पुन्हां १८० च्या घरांत चढूं लागली, तर पहिलीच पायरी होती असें समजून आठवड्याला ३० किलोमीटरांपासून पुन्हां आरंभ करावा. वेळ आला नाहीं, तर यंदाची शर्यत सोडून द्यावी.

मात्र विश्रांति चालूं असतांनाच रक्ताची तपासणी करून घ्यावी, कारण अतिश्रम म्हणण्यापूर्वीं दुसरीं कारणें वगळावीं लागतात. शाकाहारी घरांत लोहाची उणीव ही पहिली शंका. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा सांठा रिता असूं शकतो, म्हणून तो निराळा तपासावा. थायरॉइडची तपासणीही करावी. आणि आहाराकडे पाहावें. या शर्यतीची तयारी नेमकी चातुर्मासांत पडते. सोमवार, शनिवार, एकादशी असे उपवास धरून साबुदाण्याच्या खिचडीवर जो आठवड्याला ५० किलोमीटर धांवेल, त्याच्या देहांत डागडुजीला लागणारें प्रथिन आणि इंधन दोन्ही तुटपुंजीं पडणार. व्रत मोडा असें आम्ही म्हणत नाहीं; उपवासाच्या दिवशीं धांवणें ठेवूं नये आणि आदल्या-दुसऱ्या दिवशीं डाळी, दूध, दहीं यांत काटकसर करूं नये, इतकेंच म्हणतों. घरांतील मुलगी किंवा सून धांवत असेल, तर तिचा मासिक धर्म लांबणें वा थांबणें ही अपुऱ्या अन्नाची अगदीं ठळक खूण आहे. ती संकोचानें दडविली जाते. घरांतील वडील स्त्रियांनींच ती विचारावी, कारण अशा स्थितींत पुढें हाडेंही ठिसूळ होऊं लागतात.

शेवटीं दोन खुणा, ज्यांच्यापुढें वही मिटून तडक वैद्यांकडे जावें. पहिली लघवीची. नव्यानेंच तालमींत जाऊं लागलेला मुलगा ईर्ष्येनें एकदम शेंकडों बैठका मारतो, किंवा कोणी उकाड्यांत बेसुमार धांवतो, आणि दुसऱ्या दिवशीं मांड्या दगडासारख्या होऊन लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. हा साधा ठणका नव्हे. स्नायूंचा चुरा होऊन त्यांतील रंगद्रव्य रक्तांत उतरलेलें असतें आणि त्यानें मूत्रपिंडें बंद पडूं शकतात. तेथें तासांचा हिशेब असतो.

दुसरी खूण आमच्या भागाचीच आहे. ठाणें-कल्याणकडे पावसाळ्यांत रस्त्यावर पाणी तुंबतें आणि त्यांत उंदरांचें मूत्र मिसळलेलें असतें. पायाला खरचटलेलें असतांना त्या पाण्यांतून धांवत गेलेल्या माणसास लेप्टोस्पायरोसिस होऊं शकतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्यानें हा रोग चांगलाच ओळखला आहे. त्यांत पोटऱ्या इतक्या दुखतात कीं, हात लावूं देत नाहींत, आणि धांवणारा म्हणतो, रविवारचा ठणका आहे, जाईल. फरक ओळखणें अवघड नाहीं. श्रमाच्या ठणक्यानें ताप येत नाहीं, डोळे लाल होत नाहींत, डोकें फुटत नाहीं, आणि तो तिसऱ्या दिवसानंतर वाढत नाहीं. लेप्टोचा ताप पाण्यांतून गेल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांनीं चढतो, तोंवर तें पाणी आपण विसरूनही गेलेलों असतों. म्हणून वहींत किलोमीटर आणि ठोके यांच्या शेजारीं आणखी एक रकाना आंखावा, आणि तुंबलेल्या पाण्यांतून कोणत्या तारखेस गेलों तें त्यांत लिहावें. ताप आल्यास वैद्यांना ती तारीख आधीं सांगावी, दुखण्याची गोष्ट मागाहून.